डाळिंबावरचा ठिपका आणि एकदाच उघडणारा फोटो

वाचकाचे पत्र

"डाळिंबाच्या फळांवर ठिपके दिसले म्हणून मी तुमच्या सल्ला केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाच फोटो पाठवले. ते 'एकदाच पाहता येईल' असे करून पाठवले होते. फोटो उघडल्याचे मला दिसले, पण चार दिवसांनी उत्तर आले की फोटो आता दिसत नाहीत, साधे फोटो पुन्हा पाठवा. मी तसे पाठवण्याला कारण होते. आमच्या बागेत तेल्या रोग आहे असे व्यापाऱ्याच्या कानावर गेले तर ठरलेला सौदा मोडतो. साधा फोटो पाठवला तर तो कुठे कुठे फिरेल याचा भरवसा काय? आणि तज्ज्ञाला फोटो एकदा पाहून रोग कळत नाही का?"
— एक डाळिंब बागायतदार, सांगोला तालुका

उत्तर

नमस्कार. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांची उत्तरे त्यातूनच निघतात. काही वेळा एकदा पाहून कळते. फळ तडकलेले असेल, डाग मोठे झाले असतील, फांदी पेराजवळ काळी पडून मोडली असेल, तर पहिल्याच नजरेत तेल्या म्हणता येते. पण त्या अवस्थेत बागायतदारालाही ते कळलेले असते आणि सल्ल्याला फारसे काही शिल्लक उरलेले नसते. सल्ल्याचा खरा उपयोग त्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत असतो, आणि त्या दिवसांत ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो. तेव्हा तो तेल्याच्या जिवाणूचा आहे, सर्कोस्पोरा बुरशीचा आहे, अँथ्रॅक्नोजचा आहे की नुसता उन्हाचा चट्टा आहे, हे ठरवायला एक नजर पुरत नाही.

अशा वेळी आम्ही नेमके काय करतो ते सांगते. फळाचा फोटो उघडून ठिपक्याची कड पाहतो. तेल्याचा ठिपका सुरुवातीला पाणी मुरल्यासारखा, तेलकट दिसतो. बुरशीचा ठिपका बहुधा कोरडा असतो. मग पानाच्या फोटोकडे जातो. पान उजेडासमोर धरून काढलेला फोटो असेल, तर तेल्याच्या डागाची कड अर्धवट पारदर्शक आणि भोवती पिवळसर वलय दिसते. ते पाहून पुन्हा फळाच्या फोटोकडे येतो, कारण पानावर जे दिसले तेच फळावर आहे का हे आता ठाऊक झालेल्या नजरेने तपासायचे असते. डागाच्या मध्यावर बारीक भेग आहे का, ती एल किंवा वाय या इंग्रजी अक्षरांसारखी किंवा चांदणीसारखी फुटू लागली आहे का, हे पाहतो. त्यानंतर फांदीचा फोटो, आणि पुन्हा फळ. एका बागेच्या पाच फोटोंसाठी मी सहज वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करते, आणि त्यातली बरीच पाहणी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर, जुन्या खात्रीच्या फोटोंशेजारी ठेवून होते. तरीही शंका राहिली, तर तेच फोटो दुसऱ्या रोगशास्त्रज्ञाकडे पाठवून त्यांचे मत घेते.

आता एकदाच उघडणाऱ्या फोटोचे नियम याच्याशेजारी ठेवून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय २०२१ च्या ऑगस्टमध्ये आली. असा फोटो उघडून मागे फिरले की तो चॅटमधून जातो आणि त्या जागी फक्त तो उघडल्याची नोंद राहते. तो गॅलरीत उतरत नाही, पुढे पाठवता येत नाही, तारांकित करून ठेवता येत नाही, आणि त्याचा स्क्रीनशॉट घेणेही अ‍ॅपने अडवलेले आहे. संगणकावर जोडलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो उघडतच नाही. फोनवर उघडा अशी सूचना तेवढी येते. म्हणजे फळाकडून पानाकडे, पानाकडून फांदीकडे आणि पुन्हा फळाकडे जाणे, मोठ्या पडद्यावर पाहणे, शेजारी दुसरा फोटो ठेवणे, दुसऱ्या जाणकाराला दाखवणे यांपैकी एकही गोष्ट त्यावर करता येत नाही. पाच फोटो पाठवले तरी त्यांचा संच होत नाही. दुसरा उघडेपर्यंत पहिला गेलेला असतो, आणि पाचव्यापर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्या फळाची कड कशी होती हे निव्वळ आठवणीवर राहते. रोगाचे निदान मी आठवणीवर करू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि हे मत मला एका चुकीतून आलेले आहे.

दोन वर्षांपूर्वी मृग बहाराच्या बागा फळांवर होत्या, पाऊस दर दोन दिवसांनी येत होता, आणि मी एका शेतकऱ्याच्या बांधावर उभी असताना दुसऱ्या गावातल्या बागायतदारांचे तीन फोटो फोनवर आले. तिन्ही एकदाच उघडणारे होते. मला ते लक्षात आले नाही. साधे समजूनच मी पहिला उघडला. पानावर तपकिरी ठिपके होते. दुसऱ्यात लिंबाएवढे फळ होते आणि त्यावर तीन काळे डाग. समोरून ऊन येत होते, म्हणून मी फोन हाताच्या सावलीत धरला आणि डाग कोरडे वाटल्याने मनाशी सर्कोस्पोरा असे ठरवले. तिसरा फोटो फांदीचा होता, पण हललेला होता. मी तिथूनच कळवले की बहुधा बुरशीचे ठिपके आहेत, त्यानुसार फवारणी घ्या आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा कळवा.

रात्री घरी आल्यावर मनात आले की मधल्या डागावर एक फिकट रेघ होती. ती उजेडाची चमक होती की भेग? पुन्हा पाहायला फोन उघडला, तेव्हा तिन्ही जागी फक्त उघडल्याची नोंद होती. बागायतदारांना तेच फोटो पुन्हा मागितले. त्यांनी ते चॅटमधल्याच कॅमेऱ्यातून काढले होते, आणि त्यांच्या गॅलरीत त्यांची प्रत नव्हती. त्यांच्याकडच्या चॅटमध्येही ते उघडत नव्हते. असा फोटो पाठवणाऱ्यालाही पुन्हा पाहता येत नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात नसते. राहिले ते फळ. ते त्यांनी फोटो काढल्यावर तोडून बांधाबाहेर टाकले होते, आणि रोगट फळ बागेबाहेर काढणे योग्यच असल्यामुळे त्यांना दोषही देता येत नव्हता.

आठव्या दिवशी त्यांचे साधे फोटो आले. ते संगणकावर मोठे करून पाहिले, तर तीन फळांवर डाग मधोमध तडकले होते, पानाच्या डागाची कड उजेडात तेलकट दिसत होती, आणि एका फांदीवर पेराला वेढून तपकिरी-काळा चट्टा होता. नमुना मागवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. डागाच्या कडेचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवला की तेल्या असल्यास कापलेल्या कडेतून दुधाळ धुरासारखा प्रवाह बाहेर पडतो. ते जिवाणूंचे लोंढे असतात, आणि बुरशीच्या डागातून असे काही निघत नाही. तो प्रवाह स्पष्ट दिसला. मधल्या आठ दिवसांत चार वेळा पाऊस झाला होता. तेल्याचा जिवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर झाडावरून झाडावर जातो, आणि छाटणीच्या कात्रीबरोबरही जातो. त्याच आठवड्यात त्या बागेत वॉटर शूट काढण्याचे काम झाले होते. बुरशीनाशकाची जी फवारणी मी सुचवली होती, ती जिवाणूसाठी पुरेशी नव्हती. चूक माझीच होती. पण फोटो उरला असता, तर ती त्याच रात्री सुधारता आली असती.

आपले पाच फोटो उघडलेले दिसूनही निदान का आले नाही, त्याचे कारण आमच्या केंद्राच्या कामाच्या पद्धतीत आहे, आणि ते आपल्याला मोकळेपणाने सांगायला हवे. केंद्राचा नंबर एकाच फोनवर चालतो. सकाळी आमचा सहायक आलेले सगळे संदेश उघडून पाहतो आणि पिकाप्रमाणे वाटून देतो: द्राक्षाचे एकाकडे, डाळिंबाचे माझ्याकडे. डाळिंब आहे की पेरू, हे कळण्यासाठी त्याला फोटो उघडावाच लागतो. त्याने उघडला की फोटोची एकमेव पाहणी तिथेच खर्च होते. मी दुपारी संगणकासमोर बसते, तेव्हा आपल्या नावापुढे फक्त उघडल्याच्या पाच नोंदी असतात. पाठवणाऱ्याला मात्र वाटते की तज्ज्ञाने फोटो पाहिले आणि आता उत्तर येईल. फोटो उघडला गेला आणि ज्याने वाचायचा त्याने वाचला, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ती नोंद फक्त पहिली गोष्ट सांगते. दवाखाना असो, माती परीक्षण केंद्र असो की विम्याचे कार्यालय असो, जिथे एका नंबरमागे दोन-तीन माणसे काम करतात, तिथे हे असेच घडते.

उघडलाच नाही तर काय, असेही होते. एकदाच पाहता येणारा फोटो १४ दिवसांत उघडला गेला नाही, तर तो आपोआप जातो. सणाच्या सुट्ट्या, आजारपण, दुरुस्तीला गेलेला फोन, अशा कारणांनी १४ दिवस उलटणे अवघड नाही. आमचा जुना फोन बदलताना अडचण अशी आली की न उघडलेले फोटो बॅकअपमधून परत येऊ शकतात, पण एकदा उघडलेले येत नाहीत, कारण ते बॅकअपमध्ये जातच नाहीत. त्यामुळे "मागच्या महिन्यात पाठवले होते, त्यात पाहा" असे कोणी म्हणाले तर आमचा नाइलाज होतो.

याहून वेगळी, पण तितकीच नुकसान करणारी गोष्ट म्हणजे आपोआप नाहीसे होणारे संदेश. आपण ते वापरत नसल्याची खात्री करून घ्या, कारण ते पुष्कळदा नकळत सुरू असतात. इथे मुदत अख्ख्या चॅटला लागते: २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. मुदत मोजली जाते ती संदेश पाठवल्यापासून. समोरच्याने तो पाहिला आहे की नाही याची वाट ती पाहत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता २४ तासांच्या मुदतीत पाठवलेला फोटो शनिवारी संध्याकाळी जातो, आणि आमचे कार्यालय सोमवारी उघडते. नोटिफिकेशनमध्ये त्याची एखादी ओळ राहिली तर राहते. ठिपक्याचे काहीच राहत नाही. संदेश टिकवून ठेवण्याची सोय नंतर, २०२३ मध्ये, आली. पण ज्याने संदेश पाठवला त्याला ते टिकवणे रद्द करता येते, आणि ते मान्यही केले पाहिजे, कारण फोटो त्याचा आहे. शिवाय टिकवायचे असेल तर तो मुदतीच्या आत पाहिलेला असायला हवा, आणि अडचण तिथेच असते.

नकळत सुरू असण्याचे कारण साधे आहे. अ‍ॅपच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये सर्व नव्या चॅटसाठी एकच मुदत ठरवून ठेवता येते. घरातल्या एखाद्या मुलाने फोनची मेमरी भरू नये म्हणून ती ७ दिवसांवर ठेवली, की पुढे ज्या ज्या नव्या नंबरला आपण पहिला संदेश पाठवाल, त्या चॅटला ती लागू होते. आमचा नंबर आपल्याला नवाच असतो. ओळखायची खूण अशी की अशा चॅटमध्ये नाहीसे होणारे संदेश सुरू असल्याची सूचना मधोमध लिहिलेली दिसते. वरच्या नावावर टॅप केले की त्याची मुदत दिसते आणि बंदही करता येते. एक मर्यादा ध्यानात ठेवा: बंद केल्यावर पाठवलेले संदेश राहतात, पण मुदत सुरू असताना आधी गेलेले संदेश ठरल्या वेळी जातातच. तेव्हा बंद करून फोटो पुन्हा पाठवावे लागतात.

काही जण आम्हाला सुचवतात की दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. तसे मी करत नाही. एक तर पाठवणाऱ्याने फोटो एकदाच दाखवायचे ठरवलेले असते, आणि त्याला न विचारता प्रत करणे हा विश्वासघात आहे. दुसरे, ती प्रत निदानाच्या कामाची नसते. पडद्याच्या फोटोत पडद्याच्याच बारीक लहरी उमटतात, रंग निळसर किंवा पिवळसर होतो, आणि मला जे पाहायचे असते, म्हणजे डागाची कड तेलकट आहे की कोरडी आणि वलय पिवळे आहे की नाही, नेमके तेच बिघडते.

आता आपल्या भीतीबद्दल. ती मला खोटी वाटत नाही. या भागात तेल्याचे नाव निघाले की व्यापारी भाव पाडतो, आणि कधी कधी शेजारच्या चांगल्या बागेचाही पाडतो, हे मी पाहिलेले आहे. पण त्या भीतीवर एकदाच उघडणारा फोटो हा उपाय तोकडा आहे. ज्याला पसरवायचाच आहे, तो दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढू शकतो; त्याला तेलकट कड दिसली नाही तरी चालते, नाव आणि डाग दिसले की पुरते. म्हणजे वाईट हेतूच्या माणसाला ही सोय फारशी अडवत नाही, आणि चांगल्या हेतूच्या माणसाचे काम मात्र पूर्ण अडवते.

आपण करावे ते असे. फोटोत फक्त फळ, पान आणि फांदी येऊ द्या. बागेची पाटी, गेट, घर, ट्रॅक्टरचा नंबर, माणसे, क्रेटवरचे नाव यांपैकी काही येऊ देऊ नका. डाळिंबाचे पान कोणत्या बागेतले आहे हे कोणाला पाहून सांगता येत नाही. संदेशात नाव न लिहिता गट नंबरऐवजी फक्त तालुका, बहार, झाडांचे वय आणि ठिपके पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहा. निदानाला तेवढे पुरते. केंद्राला आधी एक ओळ लिहून विचारा की फोटो कोण पाहील आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायचे झाल्यास आपल्याला विचारले जाईल का. हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि आम्ही होकार दिल्याशिवाय पाठवू नका. उत्तर मिळाल्यावर फोटो पुसायला सांगा. आपल्या बाजूनेही 'सर्वांसाठी हटवा' करता येते, पण त्याला साधारण अडीच दिवसांची मर्यादा आहे आणि फोटो समोरच्याने आधीच उतरवून घेतला असेल तर त्याचा उपयोग होईलच असे नाही. म्हणून मी पुसण्याचे स्पष्ट बोलून ठेवणे अधिक भरवशाचे मानते.

साधा फोटो पाठवा म्हटले की लोक पूर्ण झाडाचा एक फोटो पाठवतात, आणि तो टिकला तरी त्यातून काही दिसत नाही. थोडे गणित मांडते, म्हणजे कारण कळेल. चॅटमधून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो अ‍ॅप लहान करते; त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते असे धरा. आपण ८० सेंटिमीटर रुंदीची फांदी फोटोत घेतली, तर एका सेंटिमीटरच्या वाट्याला २० पिक्सेल येतात, आणि २ मिलिमीटरचा ठिपका चार पिक्सेलचा होतो. चार पिक्सेलमध्ये कड नसते, भेग नसते. नुसता काळा डाग असतो. तेच जवळ जाऊन फोटोत १६ सेंटिमीटरच घेतले, तर तोच ठिपका २० पिक्सेलचा होतो आणि त्याचा आकार दिसू लागतो. आणि तोच जवळचा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडला, तर अ‍ॅप तो लहान करत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने ४००० पिक्सेल रुंद फोटो काढला असेल, तर ठिपका ५० पिक्सेलचा होतो. त्यात मला तेलकट कड पाहता येते. डॉक्युमेंटला एकदाच पाहण्याची अट लावता येत नाही, हाही त्याचा एक फायदा आहे.

इथे गोपनीयतेची एक बाब आवर्जून सांगते, कारण आपल्याला ती महत्त्वाची आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाण नोंदलेले असू शकते. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्थानाची नोंद बंद करा. काढल्याची तारीख आणि वेळ मात्र राहू द्या. ती मला हवी असते, कारण पावसाच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो यांत फरक करावा लागतो.

फोटो फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यातून काढा, चॅटमधल्या कॅमेऱ्यातून नको, म्हणजे आपल्याकडे प्रत राहते. सकाळी ऊन कडक होण्याआधी किंवा ढगाळ उजेडात काढा. फळावर पाणी किंवा फवारणीचा थर असेल तर आधी मऊ कापडाने टिपून घ्या, नाहीतर कोरडा डागही चमकून तेलकट वाटतो, आणि ही फसगत माझ्याकडे फार वेळा येते. ठिपक्याशेजारी एक रुपयाचे नाणे किंवा पट्टी धरा. एक फोटो फळाचा, एक पानाच्या दोन्ही बाजूंचा, एक तेच पान आकाशाच्या उजेडासमोर धरून, एक पेराजवळच्या फांदीचा, आणि शेवटी झाड पूर्ण दिसेल असा एक. ज्या फळाचा फोटो काढला, त्याच्या देठाला दोरा बांधून ठेवा आणि चौथ्या दिवशी त्याच फळाचा फोटो पुन्हा काढा. ठिपका तीन-चार दिवसांत किती वाढला, तडकला का, हे दोन फोटो शेजारी ठेवून दिसते, आणि कित्येकदा निदान त्या दुसऱ्या फोटोनेच पक्के होते. असा जोड पहिला फोटो टिकलेला असेल तरच जुळतो.

फोटोची मर्यादाही मी लपवणार नाही. सुरुवातीच्या ठिपक्यात चांगल्या फोटोवरूनही मला कधी कधी "तेल्याची शंका आहे" एवढेच लिहिता येते, आणि एकाच फळावर जिवाणू आणि बुरशी दोन्ही असल्याची उदाहरणेही मिळतात. तेव्हा नमुना लागतो: डाग असलेली पाच-सहा ताजी पाने आणि एक-दोन फळे, कोरडी, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता. हा नमुना आपण सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे स्वतः घेऊन जाऊ शकता. फोटो टिकलेले असले, तर नमुना द्यायला जाताना तेही सोबत दाखवता येतात. टेबलावर आलेल्या दोन फळांवरून झाडाची अवस्था कळत नाही.

आपल्या बागेपुरते आता एवढे करा. पहिल्या पाच फोटोंतली फळे अजून झाडावर असतील, तर आज ती तोडू नका. उद्या सकाळी वर सांगितल्याप्रमाणे फोटो काढा, आणि त्यानंतर ती फळे तोडून बागेबाहेर खोल खड्ड्यात पुरा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि सोबत लिहा: "डाळिंब, रोगनिदान, फक्त रोगशास्त्र विभागासाठी." सहायकाला तेवढी ओळ वाचून ते माझ्याकडे द्यायला सांगून ठेवले आहे. उत्तर येईपर्यंत पावसात किंवा पाने ओली असताना बागेत छाटणी करू नका, आणि ठिपके असलेल्या झाडावर वापरलेली कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. ठिपके तेल्याचे निघाले तरी आणि न निघाले तरी या दोन गोष्टींनी आपले काही नुकसान होणार नाही. माझे उत्तर मिळाले की फोटो ठेवायचे की पुसायचे ते कळवा. आपण पुसा म्हणालात तर पुसून तसे लेखी कळवीन.